बहुत काय लिहिणे

मराठी शिकवण्यात माझी 34 वर्षं गेली, आणि त्यातली निदान दहा तरी पत्रलेखन शिकवण्यात गेली असतील. कोपऱ्यात पत्ता, त्याखाली दिनांक, मग 'प्रति', मग विषय, मग मायना, शेवटी 'आपला विश्वासू'. एवढं सगळं जागच्या जागी दिसलं की मधला मजकूर न वाचताच मी पाचपैकी साडेतीन गुण देऊन टाकत असे. हे पाप कुठेतरी फेडावं लागणार होतं. 2025 च्या एप्रिलअखेर गावाने मला एका फार मोठ्या साहेबांकडे दहा मिनिटांची वेळ मागणारा निरोप लिहायला सांगितला. फक्त दोन ओळींचा. तो लिहायला मला तीन आठवडे लागले.

आमचं कासू पेण आणि नागोठण्याच्या मध्ये. रोह्याकडे जाणाऱ्या गाडीत पेणनंतर डुलकी लागली, तर कासू येऊन गेलेलं कळतही नाही. महामार्गाच्या कागदांवर मात्र आम्हाला मान आहे. रुंदीकरणाच्या कामाचे पळस्पे ते कासू आणि कासू ते इंदापूर असे 42-42 किलोमीटरचे तुकडे पडले, तेव्हापासून कुठेतरी काहीतरी संपतं ते कासूला आणि कुठेतरी काहीतरी सुरू होतं तेही कासूलाच. गावातलं भांडणसुद्धा बहुधा हद्दीचंच असतं.

तसंच एक भांडण मोरीचं होतं. गावाबाहेरच्या एका रस्त्याखाली 900 मिलिमीटर व्यासाची पाइपमोरी आहे. डोंगराकडून येणारं पाणी तिच्यातून पलीकडच्या नाल्यात जातं. निदान जावं अशी अपेक्षा आहे. गेल्या काही वर्षांत ती निम्म्याहून जास्त गाळाने भरली आणि पाणी अलीकडच्या खाचरांतच मुक्काम करू लागलं. आवण कुजायला लागलं. मोरी एका खात्याची, नाला दुसऱ्या खात्याचा. मोरीवाले म्हणत, "पुढे नालाच भरलाय, आम्ही उपसून काय करू?" नालेवाले म्हणत, "गाळ मोरीतून येतो, आधी ती बघा." दोघंही खरं बोलत होते, हीच खरी अडचण होती. खोटं बोलणाऱ्याला खोटा पाडता येतं.

ग्रामपंचायतीत बैठक बसली. दोन्ही खाती ज्यांचं ऐकतील असे एकच साहेब, ते अलिबागला बसतात, त्यांना भेटायचं असं ठरलं. सरपंचबाई म्हणाल्या, "मास्तर, त्यांच्या पीएचा नंबर मिळालाय. दोन ओळी टाका. काय काम, आणि कधी येऊ. बस."

"दोन ओळी?" मी म्हणालो. एखाद्या गवयाला 'फक्त सा लावा' असं सांगितल्यावर तो जसं बघेल, तसं मी बघितलं.

पहिला मसुदा मी दोन रात्री जागून केला. साध्या 'माननीय साहेब'ने भागेना, म्हणून जुन्या पत्रांतला 'अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री' असा मायना काढला. मग गावाची भौगोलिक स्थिती. मग मोरी बांधली त्या सालापासूनचा इतिहास. मग भातशेतीचं महत्त्व, ते साहेबांना ठाऊक नसेल तर असावं म्हणून. मग दोन्ही खात्यांना केलेले अर्ज, जावक क्रमांकांसह. आणि सगळ्यात शेवटी, घरातून निघता निघता 'अरे हो' म्हणून सांगावं तसं, 'तरी भेटीची वेळ मिळावी ही नम्र विनंती'. खाली सही: 'समस्त ग्रामस्थ, मौजे कासू'.

पाठवलं. निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. चार दिवसांनी फोन केला.

"वाचलंत का?"

"वर काय होतं तेवढं वाचलं," पीए म्हणाले.

"वर म्हणजे?"

"'आणखी वाचा' लिहिलेलं येतं ना, त्याच्या वरचं. लक्ष्मीचं काहीतरी होतं. मला वाटलं लग्नपत्रिका आहे."

माझा अपमान झाला, पण त्यांचं म्हणणं मी घरी येऊन तपासून पाहिलं. स्वतःचाच निरोप पुतण्याच्या मोबाइलवर पाहिला. खरंच, 'आणखी वाचा'च्या वर गावाचा भूगोल जेमतेम सुरू झाला होता. मोरी, साहेब, दहा मिनिटं, सगळं खाली गाळात. मी भेटीची विनंती नेमकी तिथे ठेवली होती जिथे कुणी पोचत नाही. आमच्या मोरीसारखीच अवस्था.

तेव्हा मी ठरवलं की संक्षेप म्हणजे काय ते यांना दाखवायचंच. दुसरा निरोप असा: 'मोरी तुंबल्यासंदर्भात आपली भेट हवी आहे.'

उत्तर दोन मिनिटांत आलं: 'प्लंबर बोलवा.'

मराठी भाषा समृद्ध आहे हे मी मुलांना वर्षानुवर्षं सांगत आलो, पण रस्त्याखालचं पाणी वाहून नेणारी आणि घरात भांडी घासण्याची अशा दोन्ही जागांना एकच शब्द ठेवून तिने माझा घात केला. शिवाय निरोप कोण पाठवतंय हेही त्यात नव्हतं. पीएच्या बाजूने पाहिलं तर कुणीतरी अनोळखी माणूस न्हाणीघराची तक्रार घेऊन साहेबांना भेटू पाहत होता.

बैठकीत यावर चर्चा झाली. एक तरुण सदस्य म्हणाला, "काम सांगूच नका मास्तर. नुसतं 'महत्त्वाचं बोलायचंय, भेटीत सांगतो' असं लिहा. माणसाची उत्सुकता वाढते." वाढते खरी. तिसऱ्या निरोपावर पीएंचा स्वतःहून फोन आला.

"बदलीचं आहे का?"

"नाही हो."

"वर्गणी? उद्घाटन? कुणाची तक्रार?"

"नाही, साधं काम आहे."

"साधं असतं तर लिहिलं असतं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

चौथ्या वेळी मी शहाणा झालो होतो. गाव लिहिलं, रस्त्याखालची मोरी लिहिलं, आणि शेवटी सौजन्याची पराकाष्ठा म्हणून 'आपल्या सोयीनुसार कधीही थोडा वेळ द्यावा' असं लिहिलं. मोठ्या माणसाला आपण वेळ सुचवायची म्हणजे आगाऊपणा, असं माझं मत. या निरोपाला उत्तरच आलं नाही. तीन दिवस मी दर तासाला मोबाइल पाहत होतो. ही म्हणाली, "एवढी वाट तुम्ही माझ्या पत्राचीसुद्धा पाहिली नव्हती." ते खरं आहे. तेव्हा पोस्टमन दिवसातून एकदाच यायचा.

शेवटी मी अलिबागला गेलो. वडखळ नाक्यावर एसटी बदलली, कचेरीत पोचलो, साहेब नव्हते, पण पीए होते. त्यांनी बसायला खुर्ची दिली आणि समोर साहेबांची डायरी उघडी होती. मी आयुष्यात पुष्कळ वेळापत्रकं पाहिली, पण असं पाहिलं नव्हतं. सकाळचा टपाल वाचण्याचा वेळ, मग व्हीसी, मग बैठका, एक ते दोनच्या दरम्यान अर्धा तास जेवण, संध्याकाळी सह्यांच्या फायली. सगळं ठासून भरलेलं. मधे मधे मात्र पंधरा-वीस मिनिटांच्या फटी होत्या, खाचरांच्या बांधांत खेकड्यांची बिळं असतात तशा.

"हे बघा," पीए त्या फटींवर पेन आपटत म्हणाले, "माणसं इथे बसतात. पण 'थोडा वेळ' किती रुंद आहे ते मला कळलं पाहिजे ना? दहा मिनिटं म्हणालात तर इथे बसवतो. 'थोडा वेळ' कुठे बसवू?"

"आणि 'कधीही'?"

"'कधीही' म्हणजे साहेबांच्या महिन्याचे सगळे दिवस मी चाळायचे आणि तुम्हाला त्यातला एक शोधून द्यायचा. ते काम मी उद्यावर टाकतो. रोज." ते हसले. "मला दोन वेळा द्या. एकीवर खूण करणं सोपं असतं."

मला एकदम परीक्षेतला 'योग्य पर्याय निवडा' हा प्रश्न आठवला. मुलं तो पहिला का सोडवतात याचा उलगडा निवृत्तीनंतर झाला.

घरी येऊन मी ताबडतोब दोन वेळा दिल्या: सोमवार 12 मे सकाळी 11, किंवा शनिवार 17 मे सकाळी 11. दोन्ही मला सोयीच्या होत्या. उत्तर आलं: '12 ला बुद्ध पौर्णिमा. शनिवारी ऑफिस बंद. साहेबांना भेटायचंय की वॉचमनला?' सरकारी कचेऱ्यांचा पाच दिवसांचा आठवडा 29 फेब्रुवारी 2020 पासून सुरू झाला हे मला चांगलं ठाऊक होतं. मीच त्यावर वर्गात निबंध लिहून घेतला होता, 'पाच दिवसांचा आठवडा: शाप की वरदान'. पण निबंधाचा आणि आपल्या आयुष्याचा संबंध असतो असं मी कधीच शिकवलं नाही.

इतकं झाल्यावर सरपंचबाईंनी प्रकरण माझ्या हातून काढून घेतलं असतं, पण त्या म्हणाल्या, "तारमास्तरांना दाखवा एकदा."

तारमास्तर म्हणजे आमच्या आळीतले वयोवृद्ध गृहस्थ. तार ऑफिसात आयुष्य गेलं. 2013 च्या जुलैत देशातली तार सेवा बंद झाली तेव्हा ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्या दिवशी त्यांनी जेवण घेतलं नाही असं सांगतात. ते अजून शब्द मोजून बोलतात. चहा हवा का विचारलं तर 'अर्धा' म्हणतात.

मी त्यांना पाचही निरोप वाचून दाखवले. ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले.

"शब्दाला पैसे पडत होते," ते म्हणाले. "गोरगरीब यायचे. पोराला बोलवायचं असायचं. रडायचे, बोलायचे, पंधरा मिनिटं बोलायचे. मग मी विचारायचो, पोराने वाचून काय करायचं? ते तेवढं लिहू. साहेबाने काय करायचं तुमच्या?"

"भेटायचं."

"भेटून?"

मी थांबलो. पाच निरोप लिहून झाले, दोन बैठका झाल्या, अलिबागची वारी झाली, पण भेटून साहेबांनी नक्की काय करायचं हे आमच्यापैकी कुणी स्वतःला विचारलं नव्हतं. 'लक्ष घालावं' एवढंच. तारमास्तर म्हणाले, 'लक्ष' हा शब्द त्यांनी तारेत कधी पाठवला नाही. बऱ्याच खटपटीनंतर निघालं ते असं: दोन्ही खात्यांच्या माणसांनी एकाच दिवशी मोरीवर उभं राहून पाहणी करावी, आणि हा आदेश देऊ शकणारे तेच एक. मोरी उपसण्याबद्दल साहेबांशी बोलण्यात अर्थ नव्हता. ते काय टिकाव घेऊन येणार?

"मग ते लिहा," तारमास्तर म्हणाले. "म्हणजे त्यांना कळेल की हे खालच्या कुणाकडे ढकलता येणार नाही."

मग आमची दोन तास लढाई झाली. मी 'तातडीने' लिहिलं, त्यांनी काढलं. "सगळ्यांचंच तातडीचं असतं. कधीपर्यंत ते लिहा." 'पावसाआधी' आलं. मी 'शिष्टमंडळ' लिहिलं, त्यांनी 'आम्ही दोघे' केलं, कारण साहेबांच्या टेबलासमोर खुर्च्या दोनच असतात, हे मी स्वतःच पाहून आलो होतो. मी 'नम्र' लिहिलं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "राहू दे. एक चालतं." सहीच्या जागी 'समस्त ग्रामस्थ' होतं त्यावर मात्र ते चिडले. "समस्तांना फोन कसा करायचा? एक नाव, एक नंबर." शुभेच्छांच्या तारांत मजकूर नुसत्या आकड्याने जायचा, माणूस तिकडे आकडा बघून वाक्य लिहायचा, पण पाठवणाऱ्याचं नाव कधी आकड्याने गेलं नाही, असंही ते म्हणाले. वेळांच्या बाबतीत मी आधी कॅलेंडर काढलं, मग पीएंची डायरी आठवली, टपालाचा आणि जेवणाचा वेळ सोडला, तारखेला वार लावला, वाराला तास लावला. तारमास्तर म्हणाले, एक वेळ सकाळची द्या, एक दुपारची, दोन वेगळ्या दिवशी. एकाच सकाळी दोन वेळा दिल्या आणि साहेब त्या सकाळी दौऱ्यावर गेले तर दोन्ही फुकट.

शेवटी उरलं ते असं:

'आदरणीय साहेब, कासू गावाजवळ रस्त्याखालची पाइपमोरी एका खात्याची व पुढचा नाला दुसऱ्याचा असल्याने पाणी शेतात तुंबते. पावसाआधी दोघांच्या एकत्र पाहणीचा आदेश आपणच देऊ शकता, त्यासाठी आम्ही दोघे आपली 10 मिनिटे मागतो.

मंगळवार 20 मे सकाळी 11 किंवा गुरुवार 22 मे दुपारी 4, आपल्या कार्यालयात. नकाशा व फोटो सोबत आणू. जमत नसल्यास आपल्या सोयीची वेळ द्यावी, ही नम्र विनंती.'

खाली माझं नाव आणि नंबर. मला वाटलं, या दोन ओळींत पत्र कुठे आहे? मायना नाही, कळावे नाही, लोभ नाही. पण एक गोष्ट मनात आली. ते अलंकृत लक्ष्मीवाले आमचे पूर्वजसुद्धा मायना संपला की कामाचं थोडक्यात लिहून 'बहुत काय लिहिणे, आपण सुज्ञ असा' म्हणून मोकळे होत. मी त्यांचा मायना उचलला आणि नेमकी शेवटची ओळ विसरलो.

उत्तर वीस मिनिटांत आलं: '22, दुपारी 4. दोघेच. नकाशा एकाच कागदावर आणा.' आणि त्याखाली अजून एक: 'सर, तुम्ही होय! नाव आत्ता वाचलं. मी तुमचा विद्यार्थी.'

मी भारावून फोन केला. विचारपूस झाली. मग ते म्हणाले, "सर, दहावीच्या सराव परीक्षेत पत्रलेखनाला तुम्ही मला पाचपैकी दोन दिले होते. शेरा होता, 'मजकूर तोकडा'."

त्यावर काय बोलणार? मी नकाशाचा विषय काढला.

22 मेला आम्ही दोघे निघालो, सरपंचबाई आणि मी. वडखळला एसटीत पाहतो तर मागच्या बाकांवर गावातली नऊ माणसं. "आम्ही बाहेरच थांबू," ती म्हणाली. कुणी थांबलं नाही. पीएंनी दारात हात आडवा केला तेव्हा कुठे ती थांबली, आणि मग दाराच्या फटीतून सात माणसांचे डोळे आत बघत राहिले. उरलेले दोघे वडापाव आणायला गेले होते.

चार वाजून दोन मिनिटांनी साहेब म्हणाले, "बोला."

मी घसा साफ केला. "साहेब, आमचं कासू हे गाव पेण आणि नागोठण्याच्या..."

सरपंचबाईंनी माझ्या हातातला नकाशा घेऊन टेबलावर पसरला आणि बोट ठेवलं. "ही मोरी. इथपर्यंत यांची, इथून पुढे त्यांची. दोघांना एकत्र उभं करा."

साहेबांनी एक प्रश्न विचारला, नाल्याला पुढे उतार आहे का. बाईंनी फोटो दाखवला. साहेबांनी दोन फोन केले, आमच्या देखत, आणि तारीख ठरवली. घड्याळात चार वाजून नऊ मिनिटं झाली होती. मला माझं भाषण तसंच्या तसं परत घेऊन यावं लागलं. येताना एसटीत ते मी त्या नऊ जणांना ऐकवलं. पोयनाडपर्यंत पुरलं.

पाहणी झाली. दोन्ही खात्यांची माणसं मोरीच्या दोन तोंडांशी उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांना दिसली. गाळ कुणाचा याचा निकाल लागला नाही, पण काढायचा कोणी याचा लागला. सोमवारी, 26 मेला, जेसीबी आला. आणि त्याच दिवशी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. मे महिन्यात. मृग लागायला बारा-तेरा दिवस बाकी असताना. 'पावसाआधी' हा शब्द आम्ही दोन तास भांडून ठेवला होता, आणि पावसाने तो वाचलाच नव्हता.

जेसीबीने अर्ध्याहून जास्त गाळ काढला, मग त्याची पुढची चाकं नाल्याच्या काठात रुतली. चालक उतरला, छत्री उघडली आणि निघून गेला. जेसीबी दोन्ही खात्यांच्या हद्दीवर आहे. मागची चाकं यांच्याकडे, पुढची त्यांच्याकडे.

संध्याकाळी सरपंचबाई आल्या. मी न सांगता मोबाइल हातात घेतला. तारमास्तर ओसरीवर बसूनच म्हणाले, "पाच मिनिटं मागा. दहा नकोत."